"सर फ्री आहेत का?" असं विचारू नका : दोन पेशंटच्या मधली दीड मिनिटं कशी मागायची



या आठवड्याचा व्हिडिओ एमआर मित्रांसाठी होता. व्हिडिओत बऱ्याच गोष्टी पळत पळत सांगाव्या लागल्या, म्हणून इथे जरा निवांत लिहितोय. विषय एकच. डॉक्टरांची ओपीडी भरलेली आहे, बाहेर बाकावर माणसं दाटीवाटीने बसलीत, आणि तुम्हाला आत जाऊन दीड-दोन मिनिटं बोलायचं आहे. ती वेळ कुणाकडे मागायची, कधी मागायची आणि मिळाल्यावर तिचं काय करायचं?

बहुतेक जण काय करतात बघा. बॅग सांभाळत काउंटरपाशी जातात आणि विचारतात, "सर फ्री आहेत का?" आता तुम्हीच सांगा, बाहेर पंचवीस पेशंट बसलेले असताना सर फ्री कसे असतील? या प्रश्नाचं खरं उत्तर एकच आहे, "नाही." म्हणजे प्रश्न विचारूनच तुम्ही समोरच्याला नकार हातात देता. मग "बसा, बघते" होतं, तुम्ही तासभर बसता, आणि दुपारी दोन वाजता सर मागच्या दाराने जेवायला निघून जातात.

आधी काउंटरवरच्या ताईंचा हिशोब समजून घ्या

एक साधा हिशोब करू. सकाळची ओपीडी साडेदहा ते दोन. म्हणजे २१० मिनिटं. नंबर लागलेत ३५. एका पेशंटच्या वाट्याला सहा मिनिटं आली. त्यात तपासणी, रिपोर्ट बघणं, चिठ्ठी लिहिणं, आजीबाईंच्या "गोळी जेवणाआधी की नंतर" या प्रश्नाला तिसऱ्यांदा उत्तर देणं, सगळं आलं.

त्याच सकाळी सहा एमआर आले आणि प्रत्येकाने आत तीन मिनिटं घेतली, तर १८ मिनिटं गेली. म्हणजे बरोबर तीन पेशंट. हे तीन पेशंट डॉक्टरांना दिसत नाहीत, ते दिसतात बाहेरच्या ताईंना. "आम्ही सकाळी सातला घरातून निघालोय आणि हे टाय लावून आत चाललेत" ही बोलणी त्या ऐकतात. तुम्ही आत गेलात की पुढची दहा मिनिटं काउंटरवर त्यांची शाळा भरलेली असते.

त्यामुळे ताई तुम्हाला अडवतात ते त्यांना तुमचा राग आहे म्हणून नाही. तुम्ही किती वेळ घ्याल हे त्यांना माहीत नसतं, हा खरा अडथळा आहे. "दोनच मिनिटं" म्हणून गेलेला माणूस आठ मिनिटांनी बाहेर येताना त्यांनी शंभर वेळा पाहिलाय. तुमच्या आधी आलेल्यांनी ते दोन मिनिटांचं चलन बाद करून ठेवलेलं आहे. तुम्हाला नवं चलन चालवायचं आहे.

फट कुठे असते

दोन पेशंटच्या मधली वेळ म्हणजे सरसकट एक पेशंट बाहेर आला आणि दुसरा आत गेला यातली वेळ नव्हे. तशी फट बऱ्याच दवाखान्यांत दहा सेकंदांचीसुद्धा नसते, कारण पुढचा पेशंट दाराशी उभाच असतो. खरी फट दुसरीकडे असते, आणि ती दवाखान्यागणिक वेगळी असते.

फिजिशियनकडे पेशंटला ईसीजीसाठी आतल्या खोलीत नेलं की टेबलासमोरची खुर्ची चार-पाच मिनिटं रिकामी असते. पुष्कळ डॉक्टर या वेळात पुढचा पेशंट घेतात, पण काही जण मागे टेकून बसतात आणि पाण्याचा ग्लास उचलतात. ती तुमची वेळ. हाडांच्या डॉक्टरांकडे वॉकर घेऊन आलेला पेशंट उठून दाराबाहेर जाईपर्यंत दोन मिनिटं सहज जातात. बालरोगतज्ज्ञांकडे मात्र ही गोष्ट विसरा. तिथे एक बाळ रडत बाहेर येतं तोवर दुसरं रडत आत गेलेलं असतं. तिथे लसीकरणाचा वार सोडून दुसरा वार धरलेला बरा.

आणि फट नसते कधी तेही ओळखा. साधारण ओपीडीच्या शेवटच्या तासात, सकाळी रक्त द्यायला पाठवलेले पेशंट रिपोर्ट घेऊन परत येतात. हे लोक रांगेत पुन्हा उभे राहत नाहीत, थेट दारातून डोकावतात. "सर, रिपोर्ट." एकेका पेशंटच्या मध्ये असे दोन-दोन डोकावणारे घुसतात. या तासात तुम्ही आत गेलात तरी सरांचं लक्ष कागदावर असणार. आणि गंमत म्हणजे बहुतेक एमआर याच वेळेची वाट बघत बसलेले असतात, कारण "शेवटी गर्दी कमी होते." गर्दी कमी होते हे खरं. पण त्या वेळी डॉक्टर दमलेले असतात, भूक लागलेली असते आणि आधीच तीन कंपन्या ऐकून झालेल्या असतात. माझं मत विचाराल तर शेवटच्या दहा मिनिटांपेक्षा मधलं दीड मिनिट केव्हाही चांगलं.

एक दवाखाना धरून चालू

उदाहरणासाठी मिरज घेऊ. मिरजेला दवाखान्यांचं गाव म्हणतात ते उगाच नाही. कर्नाटकातूनही पेशंट तिथे येतात. समजा, तुमच्या कंपनीने तुम्हाला तिथल्या एका फिजिशियनचं नाव यादीत दिलंय. सकाळची ओपीडी साडेदहा ते दोन, संध्याकाळी सहा ते नऊ. तुम्हाला बीपीच्या गोळीबद्दल बोलायचं आहे, टेल्मिसार्टन ४० मिलिग्रॅम.

पहिल्या दिवशी आत जायचंच नाही असं ठरवून जा. हे ऐकायला विचित्र वाटेल, कारण रोजचे दहा-बारा कॉल रिपोर्टमध्ये भरायचे असतात आणि मॅनेजर विचारतो. पण या एका दवाखान्यासाठी पंधरा मिनिटं गुंतवा. सोमवार टाळा, सोमवारी रविवारची साठलेली गर्दी असते. मंगळवारी किंवा गुरुवारी, अकराच्या सुमारास जा. कार्ड द्या, आणि ताईंना विचारा,

"ताई, नमस्कार. मी या कंपनीकडून. आज सरांना भेटायची घाई नाही. सर एमआरना कोणत्या वारी भेटतात, आणि साधारण कितव्या नंबरनंतर घेतात, तेवढं सांगाल का? म्हणजे मी उगाच तुमच्या गर्दीत येऊन बसणार नाही."

हा प्रश्न "फ्री आहेत का"पेक्षा वेगळा का आहे, ते बघा. याचं उत्तर हो-नाहीत देता येत नाही. ताईंना दवाखान्याची पद्धत सांगावी लागते, आणि पद्धत सांगायला माणसाला आवडतं. "सोमवार-शनिवार नाही. मंगळवार-गुरुवार दोघातिघांना सोडतो. दहा नंबर झाले की एक, वीस झाले की एक." बस्स. तुम्हाला जे हवं होतं ते मिळालं.

आता पाच मिनिटं बाकावर बसा आणि दाराकडे बघा. पेशंट आत किती वेळ असतो? ईसीजीला कुठे नेतात? सर स्वतः घंटी वाजवतात की ताई नाव पुकारतात? घंटी वाजत असेल तर फट सरांच्या हातात आहे. नाव पुकारत असतील तर फट ताईंच्या हातात आहे. हा फरक फार महत्त्वाचा आहे. पहिल्या प्रकारात तुमचं कार्ड आत गेल्याशिवाय काही होणार नाही. दुसऱ्या प्रकारात ताईंनी पुढचं नाव अर्धा मिनिट उशिरा पुकारलं की तुम्ही आत.

आपल्या उदाहरणात घंटी आहे असं समजू. म्हणजे कार्ड आत पाठवायचं. नुसतं कार्ड गेलं तर ते टेबलावरच्या ढिगात पडतं. कार्डाच्या मागे पेनाने एक ओळ लिहा, "टेल्मिसार्टन, पट्टीबाबत एक मुद्दा, दीड मिनिट." बस, एवढंच. ब्रँडचं नाव पुढच्या बाजूला आहेच. डॉक्टरांना कार्ड हातात घेताच कळलं पाहिजे की विषय काय आणि किंमत किती. किंमत म्हणजे वेळ.

खाली उतरलात की अजून एक काम. दवाखान्याशेजारच्या मेडिकलमध्ये जाऊन तुमची गोळी आहे का बघा. नसेल तर स्टॉकिस्टला फोन करून आधी ती तिथे पोचवा. डॉक्टरांनी नाव लिहिलं आणि पेशंट "मिळत नाही" म्हणून परत वर आला, तर तुम्ही पुढची सहा महिने विसरा. ताईच तुम्हाला सोडणार नाहीत, कारण परत आलेला पेशंट त्यांच्याच डोक्यावर बसतो.

गुरुवार, दहा नंबर झाल्यावर

गुरुवारी तुम्ही पावणेअकराला पोचता. सहावा नंबर आत आहे. ताईंना म्हणता,

"ताई, दहा नंबर झाल्यावर म्हणाला होतात. हे कार्ड आत द्याल का? मला दीड मिनिट लागेल. तोवर मी बाहेर जिन्यात थांबतो, बाकावर पेशंटना बसू दे."

बाकावर न बसणं ही छोटी गोष्ट आहे, पण बाहेर बसलेल्या पेशंटच्या नजरेत ती फार मोठी असते. बॅग मांडीवर घेऊन बसलेला एमआर म्हणजे त्यांच्या नंबरला लागलेला धोका.

अकरा वाजून काही मिनिटांनी दहावा पेशंट ईसीजीला जातो. घंटी वाजते, ताई खूण करतात. आत जाताना बॅग उघडी, हवा तो एकच कागद हातात. खुर्ची ओढू नका. डॉक्टर "बसा" म्हणाले तर बसा, नाहीतर उभ्याने. आणि मग,

"नमस्कार सर. दीड मिनिट, एकच मुद्दा. तुमचे लांबून येणारे बीपीचे पेशंट महिन्याच्या गोळ्या एकदम नेतात. घरी गेल्यावर त्या पट्टीतून काढून वारांच्या डबीत भरतात का, सर?"

डॉक्टर म्हणतात, "भरतात की. मुलंच डब्या आणून देतात."

"टेल्मिसार्टनची गोळी हवेतला ओलावा ओढते, सर. म्हणून माहितीपत्रकातच लिहिलंय की घेण्याच्या वेळीच पट्टीतून काढावी. आमची ४० मिलिग्रॅमची गोळी दोन्ही बाजूंनी अ‍ॅल्युमिनियमच्या पट्टीत येते. आणि पेशंटला द्यायला हे छोटं कार्ड केलंय, मराठी आणि कन्नडमध्ये, 'गोळी डबीत भरू नका' एवढंच त्यावर आहे. लांबच्या पेशंटला नव्याने टेल्मिसार्टन सुरू कराल तेव्हा आमच्या ब्रँडचा विचार व्हावा, सर. शेजारच्या मेडिकलमध्ये आहे."

हे मोठ्याने म्हणून बघा. मोबाईलवर वेळ लावा. साधारण पन्नास सेकंद होतात. उरलेली चाळीस सेकंदं डॉक्टरांची आहेत. दीड मिनिट मागताना दीड मिनिटाचं भाषण तयार करणं ही सर्वात जास्त दिसणारी चूक आहे. मग डॉक्टरांनी एक प्रश्न विचारला की तुम्ही तीन मिनिटांवर जाता. तुमचं बोलणं शंभरेक शब्दांच्या आत बसवा.

दुसरी गोष्ट. वरच्या बोलण्यात "फक्त आमचीच पट्टी अशी" असं कुठेही म्हटलेलं नाही. कारण ते खरं नाही. टेल्मिसार्टनचे कितीतरी ब्रँड अशाच पट्टीत येतात आणि डॉक्टरांना ते तुमच्यापेक्षा जास्त चांगलं माहीत असतं. तुम्ही आणलेला मुद्दा पट्टीचा नाही, डबीचा आहे. तो त्यांच्या पेशंटच्या घरातला मुद्दा आहे, आणि कन्नडमधलं कार्ड त्यांच्या कामाचं आहे. ब्रँड त्याच्या मागून येतो.

आता खरी परीक्षा. डॉक्टर कार्ड उलटसुलट करून बघतात आणि विचारतात, "अ‍ॅम्लोडिपिनबरोबरची तुमची गोळी पण अशाच पट्टीत आहे का?"

इथे दहातले नऊ जण घसरतात. दार उघडलं असं वाटतं, बॅगेत हात जातो, फोल्डर बाहेर येतं, आणि पुढची चार मिनिटं दुसरी गोळी, तिसरी गोळी. तुम्ही काय करायचं? विचारलेल्या प्रश्नाचं खरं उत्तर द्यायचं, आणि थांबायचं. "हो सर, तीही तशाच पट्टीत आहे. तिच्याबद्दल पुढच्या गुरुवारी दीड मिनिट घेईन. येतो सर." आणि निघायचं. डॉक्टरांनी स्वतः थांबवलं, "सांगा की आत्ताच," तर गोष्ट वेगळी. ते त्यांच्या वेळेचे मालक आहेत. पण थांबवण्याची संधी त्यांना द्या.

आणि ज्याचं उत्तर पक्कं माहीत नाही असा प्रश्न आला, समजा किडनीच्या पेशंटबद्दल किंवा दुसऱ्या औषधाबरोबर घेण्याबद्दल, तर अंदाजाने बोलायचं नाही. "लेखी माहिती आणून देतो, सर," एवढंच म्हणा आणि कंपनीच्या मेडिकल विभागाकडून ती मागवा. याचा एक फायदा असा की पुढच्या वेळी कार्डाच्या मागे लिहायला तुमच्याकडे सर्वात भारी ओळ असते, "आपण विचारलेल्या प्रश्नाचं उत्तर."

बाहेर आल्यावर ताईंना "झालं, ताई. दीड मिनिटच घेतलं" असं म्हणा. त्यांनी घड्याळ बघितलेलं असतंच. तुम्ही म्हणालात म्हणून त्यांच्या लक्षात राहतं. तिसऱ्या-चौथ्या भेटीनंतर त्याच आत सांगायला लागतात, "ते दीड मिनिटवाले आलेत, सोडू का?"

मधेच फोन आला, पेशंट आला, तर

दीड मिनिटात काहीतरी मधे येणारच. डॉक्टरांचा फोन वाजला की लगेच थांबा, एक पाऊल मागे व्हा, आणि हातातला कागद टेबलाच्या कोपऱ्यात ठेवा. त्यांच्या तोंडाकडे बघत उभं राहू नका. फोन संपला आणि नजर तुमच्याकडे आली तर "एकच वाक्य राहिलं, सर" म्हणून शेवटची विनंती तेवढी सांगा. सुरुवातीपासून पुन्हा सुरू करणारे लोक मी पाहिलेत. डॉक्टरांचा चेहरा बघवत नाही.

ईसीजी लवकर झाला आणि पेशंट आत आला, तर तुमची वेळ संपली. पेशंटसमोर औषधाबद्दल बोलायचं नाही, कागद पुढे सरकवायचा नाही, आणि तिथे थांबून त्याची तब्येत ऐकायची तर मुळीच नाही. त्याचं दुखणं ऐकायचा तुम्हाला अधिकार नाही. "येतो सर" आणि बाहेर. चाळीस सेकंदच मिळाली? हरकत नाही, ती भेट झाली असंच समजा. ताईंकडे जाऊन "माझं अर्धंच झालं, पुन्हा सोडा" म्हणू नका. तसं म्हटलंत की दीड मिनिटाचं चलन पुन्हा बाद.

आणि डॉक्टर "नंतर या" म्हणाले तर? या दोन शब्दांचे निदान तीन अर्थ असतात. मान वर न करता म्हणाले, तर ते तुम्हाला नाही, त्या क्षणाला नाही म्हणतायत. पुढच्या वारी त्याच नंबरला पुन्हा कार्ड पाठवा. तुमच्याकडे बघून, कार्ड हातात धरून म्हणाले, तर खरंच नंतर भेटायचं आहे. बाहेर येऊन ताईंना विचारा, "सर नंतर या म्हणाले, संध्याकाळी की पुढच्या गुरुवारी बरं पडेल?" आणि सलग तीन वेळा "नंतर या" आलं, तर वेळ बदलून बघायची. सकाळऐवजी संध्याकाळच्या ओपीडीची पहिली पंधरा मिनिटं, पेशंट जमायच्या आधी. कधी कधी ते डॉक्टर मुळात एमआरना भेटतच नाहीत, त्यांना माहिती मेलवर हवी असते. तसं असेल तर मेल पाठवा आणि तो कॉल दुसऱ्या दवाखान्याला द्या.

ताईंना मिठाई द्यायची का?

हा प्रश्न दर वेळी येतो, म्हणून स्पष्टच लिहितो. दिवाळीचा बॉक्स, मोबाईलचा रिचार्ज, "ताई, तुमच्यासाठी म्हणून आणलं," हे वेळ मिळवण्यासाठी द्यायचं नाही. केंद्र सरकारच्या औषध विभागाने १२ मार्च २०२४ ला औषध कंपन्यांच्या मार्केटिंगसाठी एकसमान आचारसंहिता काढली. लोक तिला यूसीपीएमपी म्हणतात. त्यात एमआरबद्दल दोन गोष्टी सरळ लिहिल्यात. भेट मिळवण्यासाठी कसलंही आमिष किंवा फसवणूक वापरायची नाही, आणि डॉक्टरांपर्यंत पोचण्यासाठी कुठल्याही नावाखाली पैसे द्यायचे नाहीत.

आमिष सगळ्यांना कळतं. फसवणूक म्हणजे काय, तर "सरांचं पर्सनल काम आहे" म्हणून आत घुसणं. केसपेपर काढून पेशंट म्हणून जाणं आणि फी भरून पाच मिनिटं मिळवणं. हे लोक करतात बरं का, आणि वर हुशारी म्हणून सांगतात. फी देऊन भेट घेणं म्हणजे वेळेसाठी पैसे देणंच झालं.

सॅम्पलचंही तसंच. त्याच संहितेप्रमाणे एका सॅम्पल पॅकमध्ये जास्तीत जास्त तीन पेशंटच्या उपचाराला पुरेल इतकंच औषध असू शकतं, आणि एका डॉक्टरांना एका औषधाचे वर्षाला बारापेक्षा जास्त पॅक देता येत नाहीत. म्हणजे महिन्याला एक. "सॅम्पल द्यायचंय" एवढ्या कारणावर दर आठवड्याला दार उघडेल हा हिशोबच आता बसत नाही. बोलण्यातही दोन शब्द जपून वापरा. भारतात वर्षभराहून जास्त काळ मिळत असलेल्या औषधाला "नवीन" म्हणता येत नाही, आणि "सुरक्षित" हा शब्द नुसता, कुठल्याही खुलाशाशिवाय वापरता येत नाही. घाईच्या दीड मिनिटात हेच दोन शब्द सर्वात आधी तोंडातून निघतात, म्हणून आधीच सांगतोय.

ताईंना काय द्यायचं मग? वेळेवर बाहेर या. त्यांना खरंच तेवढंच हवं असतं.

वहीत काय लिहायचं

कंपनीच्या अ‍ॅपमध्ये कॉल रिपोर्ट भरता, त्यात "भेट झाली" एवढंच जातं. त्याने तुम्हाला काही कळत नाही. एक साधी वही ठेवा. वार, पोचल्याची वेळ, तेव्हा कितवा नंबर आत होता, तुम्ही कितव्या नंबरनंतर आत गेलात, किती वेळ मिळाला, भेट कुणी संपवली, आणि डॉक्टरांनी काय विचारलं.

यातला "भेट कुणी संपवली" हा रकाना महत्त्वाचा. चार भेटींपैकी चारही वेळा डॉक्टरांनीच घंटी वाजवून संपवली असेल, तर तुम्ही जास्त वेळ घेताय, मग तुम्हाला कितीही वाटो की दीडच मिनिट झालं. आणि "काय विचारलं" हा रकाना चारही वेळा रिकामा असेल, तर वेळ मिळतोय पण मुद्दा पोचत नाहीये. "हो हो, बघतो" हे उत्तर त्या रकान्यात लिहायचं नाही. ते निरोपाचं वाक्य आहे, होकाराचं नाही.

होकार शेजारच्या मेडिकलमध्ये दिसतो. पंधरा दिवसांनी जा आणि त्यांना विचारा, त्या सरांच्या चिठ्ठीवर आपली गोळी येते का, किती पट्ट्या गेल्या. पेशंटची नावं विचारायची नाहीत, फक्त पट्ट्यांचा आकडा. दोन पट्ट्या गेल्या असतील तरी ती सुरुवात आहे. शून्य असेल आणि डॉक्टरांनी प्रश्न विचारलेले असतील, तर आधी बघा की तिथे माल संपलाय का. हे फार वेळा होतं. डॉक्टर लिहितात, मेडिकलवाला दुसरी गोळी देतो आणि तुम्ही डॉक्टरांवर रुसून बसता.

मॅनेजर बरोबर असताना

शेवटी एक अडचणीची गोष्ट. महिन्यातले काही दिवस तुमचे मॅनेजर जॉइंट कॉलला बरोबर येतात. त्यांना तीन ब्रँड बोलायचे असतात, आणि तुम्ही दीड मिनिटाचं नाव कमावलेलं असतं. दोन माणसं आत गेली की खोली भरल्यासारखी होते, ताईंची भुवई वर जाते.

हे दवाखान्याच्या दारात ठरवायचं नाही. सकाळी चहाच्या टपरीवर, वही उघडून दाखवा. "सर, या दवाखान्यात गेल्या पाच भेटी दीड मिनिटाच्या आहेत. दोनदा डॉक्टरांनी स्वतः थांबवून प्रश्न विचारलेत. आज मी एक मुद्दा बोलतो, तुम्ही तुमची ओळख सांगा आणि डॉक्टरांना काही विचारायचं असेल तर उत्तर द्या." बहुतेक मॅनेजर आकडे बघितले की ऐकतात, कारण तेही कधीतरी याच बाकावर बसलेले असतात. नाहीच ऐकलं, तर ताईंना आधीच खरं सांगा, "ताई, आज साहेब बरोबर आहेत, पाच मिनिटं लागतील. आज जमेल की पुढच्या गुरुवारी एकटा येऊ?"

त्या म्हणाल्या "एकटे या," तर मॅनेजरना घेऊन पुढच्या दवाखान्याकडे निघा.